मुदत संपलेला दलालीचा करार

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे साऱ्या मराठवाड्यास परिचित आहे. या गावातील आणि आसपासच्या पंचक्रोशीतील अनेक घराणी पुणे-मुंबईस स्थायिक झाली. गावी राहिले ते वडिलोपार्जित घर, दाराचे कुलूप आणि वर्षाकाठी भरावयाची घरपट्टी. अशा घराचा विक्रय करावयाचे ठरले की मालकास दलालाचे साह्य घ्यावे लागते. कारण ग्राहक तिकडचा आणि मालक इकडचा. पूर्वी असा व्यवहार तोंडी शब्दावर चालत असे. आता, विशेषतः मालक शहरात असला म्हणजे, दलाल लेखी करार पुढे करतो. आणि त्यात एक कलम हमखास असते, ते असे की अमुक महिन्यांपर्यंत या मिळकतीच्या विक्रीचे काम अन्य कोणाकडेही सोपविले जाणार नाही. हा एकाधिकाराचा करार होय. त्याची मुदत संपली, घर मात्र विकले गेले नाही, अशा वेळी मालकाने काय करावे, याचा विचार पुष्कळांनी केलेला नसतो. मुदत संपली म्हणजे सारे आपोआप संपले अशी एक समजूत असते. आणि दलालाने पुढे कमिशनाची मागणी केली म्हणजे ती समजूत किती अपुरी होती हे ध्यानी येते.

प्रश्न उलगडण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात राहणाऱ्या दोघा भावांचे सोनारीच्या गावठाणात एक घर आहे. त्यांनी परंड्याच्या एका दलालाशी १ फेब्रुवारी रोजी लेखी करार केला. अपेक्षित किंमत १८ लाख रुपये. कमिशन प्रत्यक्ष किमतीवर शेकडा २. मुदत ३१ जुलैअखेर. सहा महिन्यांत तिघांनी घर पाहिले. बार्शीच्या एका व्यापाऱ्यास दलालाने २० जून रोजी घर दाखविले. त्याने १५ लाख देऊ केले, ते भावांनी नाकारले. दुसऱ्याने घर पाहून पुढे काही कळविले नाही. तिसरा शेजारीच राहणारा गृहस्थ. त्याने मे महिन्यात परस्पर थोरल्या भावास दूरध्वनी करून चौकशी केली होती, दलालाशी त्याचा संबंध आला नव्हता. ३१ जुलै उजाडला आणि मावळला. घर तसेच राहिले.

कायद्याच्या दृष्टीने येथे प्रथम पाहावयाचे ते हे की दलाल हा मालकाचा प्रतिनिधी असतो, आणि त्याचा अधिकार १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील प्रतिनिधित्वाच्या प्रकरणाने नियंत्रित होतो. काळ ठरवून दिलेला अधिकार तो काळ संपताच संपतो. त्यासाठी मालकाला कारण दाखवावे लागत नाही. मुदतीपूर्वी अधिकार काढून घ्यावयाचा असता तर गोष्ट निराळी होती. तेव्हा कलम २०५ आडवे आले असते. कारण ठराविक काळापर्यंत प्रतिनिधित्व चालू ठेवण्याचे वचन असताना पुरेशा कारणावाचून ते मोडणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून पाच महिने वाट पाहून कंटाळलेल्या मालकाने सहाव्या महिन्यात करार तोडण्यापेक्षा उरलेले दिवस जाऊ देणे बहुधा शहाणपणाचे ठरते. मुदत पुरी झाल्यावर तो प्रश्नच उरत नाही.

तथापि मुदत खरोखर संपली आहे की नाही, हे कराराच्या शब्दांवरून ठरते, दिनदर्शिकेवरून नव्हे. काही छापील करारांत असे लिहिलेले आढळते की मुदतीच्या अमुक दिवस आधी कोणत्याही पक्षाने लेखी नकार न कळविल्यास करार तितक्याच काळासाठी पुढे चालू राहील. असे वाक्य असले तर ३१ जुलैची वाट पाहणारा मालक ३१ जानेवारीपर्यंत बांधला जातो. म्हणून मुदत संपण्यापूर्वी निदान महिनाभर आधी करार पुन्हा एकदा सावकाश वाचावा, आणि तीन गोष्टी एका कागदावर टिपून घ्याव्यात: शेवटचा दिवस कोणता; तो आपोआप लांबतो की काय; आणि लांबू नये यासाठी किती दिवस आधी, कोणत्या रीतीने कळवावयाचे. आपल्या उदाहरणातील करारात असे नूतनीकरणाचे वाक्य नव्हते, म्हणून ३१ जुलैनंतर दलालाचा अधिकार उरला नाही.

दुसरी अडचण शब्दांतून नव्हे, वागण्यातून उद्भवते. ऑगस्टच्या दहाव्या तारखेस दलाल दूरध्वनी करतो, “दादा, एक चांगला गिऱ्हाईक आहे, रविवारी घर दाखवतो,” आणि थोरले बंधू सहज म्हणतात, “दाखवा की.” या एका वाक्याने बरेच काही घडून जाते. कायदा प्रतिनिधीचा अधिकार केवळ लेखी शब्दांतच शोधीत नाही. तो पक्षांच्या वर्तनावरूनही अनुमानिला जातो. संपलेला करार जसाच्या तसा जिवंत झाला असे कोणी म्हणणार नाही. पण एक नवा, तोंडी आणि अस्पष्ट करार निर्माण झाला असे म्हणण्यास दलालास जागा मिळते. त्यात मुदत नाही, दर निश्चित नाही, एकाधिकार आहे की नाही तेही ठरलेले नाही. ज्याला संबंध संपवावयाचा आहे त्याने मुदतीनंतर तोंडी काहीही न बोलता लेखी कळवावे. आणि ज्याला तो चालू ठेवावयाचा आहे त्यानेही नव्या तारखेचा, शक्य तर साध्या, एकाधिकाररहित अटींचा नवा कागद करावा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कमिशनाची. करार संपला म्हणजे दलालाचा पुढे काम करण्याचा अधिकार संपतो. त्याने मुदतीत केलेल्या कामाचे फळ मात्र त्याच्याकडून हिरावले जाऊ नये, असे न्यायाचे धोरण आहे. कलकत्त्यातील अमरातोला रस्त्यावरील एका इमारतीबद्दलच्या वादात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९५० साली त्याचा निर्णय झाला. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्र या नावाने तो खटला ओळखला जातो. १९४३ च्या मे महिन्यात मालकाने दलालास एक पत्र दिले होते. किंमत निदान एक लाख रुपये यावी, तितकी आल्यास हजार रुपये मोबदला मिळेल, किंमत जितकी चढेल तितका मोबदलाही चढेल, आणि हा अधिकार एक महिना टिकेल, असे त्यात होते. दलालाने मुदतीच्या अखेरीस ग्राहक आणले. मालकाने पुढे तो अधिकार रद्द केला, आणि तरीही इमारत अखेर त्याच ग्राहकांच्या वतीने घेतली गेली. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ग्राहक शोधण्याचा अधिकार म्हणजे मालकाच्या वतीने विक्रीचा बंधनकारक करार करण्याचा अधिकार नव्हे. दलालाने परस्पर होकार दिला म्हणून मालक विकण्यास बांधला जात नाही. परंतु ज्या ग्राहकास दलालाने मुदतीत आणले त्यालाच मालकाने मिळकत दिली, तर अधिकार पत्राने रद्द केला एवढ्यावरून मोबदला बुडविता येत नाही.

या निर्णयातील न्याय सर्वसामान्य बुद्धीलाही पटण्यासारखा आहे. पण व्यवहारात कलह होतो तो पुढे. घर मुदत संपल्यानंतर चार महिन्यांनी विकले गेले, ग्राहक मात्र एकदा दलालाबरोबर येऊन गेलेला होता. आता विक्री दलालाच्या खटपटीने झाली की नंतरच्या दुसऱ्याच कारणाने? ही अनिश्चितता टाळण्यासाठीच एकाधिकाराच्या करारांत बहुधा आणखी एक कलम असते. मुदत संपल्यावर अमुक दिवसांत दलालाने परिचय करून दिलेल्या ग्राहकास घर विकले गेल्यास कमिशन देय राहील, असा त्याचा आशय. आपल्या उदाहरणात ही मुदतोत्तर सवलत ९० दिवसांची होती. ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ३० मिळून ६१ दिवस. उरलेले २९ ऑक्टोबरात. म्हणजे २९ ऑक्टोबर हा तिचा शेवटचा दिवस. हा हिशेब मालकाने करार संपताच करून दर्शनी ठिकाणी लिहून ठेवावा.

या कलमात खरे महत्त्व “परिचय करून दिलेल्या” या शब्दांना आहे. काही करारांत त्या जागी “मुदतीत चौकशी केलेल्या कोणत्याही ग्राहकास” असे शब्द असतात. त्या शब्दांनी शेजारचा गृहस्थही कक्षेत येतो, जरी दलालाने त्याचे तोंडही पाहिलेले नसले तरी. म्हणूनच सही करण्यापूर्वी हे शब्द वाचावे आणि पटत नसतील तर बदलून घ्यावे. सही होऊन गेली असेल तर निदान दलालाकडून नावांची यादी मागून घ्यावी. मुदत संपल्यावर आठ-दहा दिवसांच्या आत दलालाने ज्यांना प्रत्यक्ष घर दाखविले त्यांची नावे आणि दाखविल्याच्या तारखा लेखी द्याव्यात, अशी अट करारातच असली तर सर्वांत उत्तम. नसली तरी पत्रातून तशी विनंती करता येते. दलालाने यादी दिली तर पुढे कोण कक्षेत आणि कोण बाहेर हे ठरले. दिली नाही तर, मागूनही दिली नाही ही गोष्ट मालकाच्या पत्रावरून दिसते. उद्या अचानक पाच-पन्नास नावे पुढे आली तर त्यांचे वजन आपोआप कमी होते.

आता ते पत्र. मुदतीने संपलेल्या कराराला रद्द करण्याची कायदेशीर गरज नसली, तरी पत्र का धाडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण कलम २०८ मध्ये आहे. प्रतिनिधीचा अधिकार संपला, तरी तिऱ्हाइतांच्या बाबतीत ती समाप्ती त्यांना कळेपर्यंत लागू होत नाही. घराच्या भिंतीवर दलालाची “विकणे आहे” ही पाटी त्याच्या क्रमांकासह तशीच लटकत असेल, त्याच्या जाहिरातीत घराची छायाचित्रे तशीच फिरत असतील, तर ग्राहकाने त्यालाच मालकाचा माणूस समजावे यात नवल नाही. म्हणून पत्र आखूड, सौम्य आणि निश्चित असावे. त्यात कराराची तारीख, घराचा घर क्रमांक व गाव, आणि तो ३१ जुलै रोजी विक्री न होता संपला हे विधान असावे. पुढे चार मागण्या असाव्यात: दाखविलेल्या ग्राहकांची तारखांसह यादी, पाटी व सर्व जाहिराती काढून टाकणे, किल्ली व कागद परत करणे, आणि ग्राहकाकडून काही इसार अगर अन्य रक्कम घेतली असल्यास तिचा हिशेब. शेवटी, यापुढे मालकाच्या नावाने कोणतीही बोलणी करू नयेत, असे एक वाक्य. आरोप, दलालाच्या आळसाची चर्चा, कमिशन कधीच मिळणार नाही अशी धमकी, यांतले काहीही पत्रात असू नये. विशेषतः शेवटचे, कारण २९ ऑक्टोबरपर्यंत ते विधान कदाचित खोटे ठरेल.

पत्रावर करारावर सही करणाऱ्या दोन्ही भावांच्या सह्या असाव्यात. एकाने करार संपविला आणि दुसरा बोलत राहिला तर पूर्वी सांगितलेला वर्तनाचा घोटाळा पुन्हा उभा राहतो. टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. तेव्हा पत्र स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने, करारातील पत्त्यावर पाठवावे आणि त्याचीच प्रत दलालाच्या ई-मेलवर अथवा भ्रमणध्वनीवरही धाडावी. करारातच सूचना पोहोचविण्याची रीत सांगितलेली असेल तर तीच पाळावी. पावती, पोच आणि पत्राची प्रत ही तीन वर्षे तरी जपून ठेवावीत. कारण कमिशनाचा दावा लावण्यास सामान्यतः तेवढी मुदत असते.

कागदांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे या भागातील जुन्या मिळकतींचे काही दस्त उर्दूत असतात आणि त्यांची दुसरी प्रत मिळविणे सोपे नसते. असे मूळ कागद दलालाकडे कधीही सोपवू नयेत. ग्राहकास दाखविण्यास छायाप्रत पुरते. सोपविलेच असतील, आणि “माझे कमिशन मिळेपर्यंत कागद देणार नाही” असे दलाल म्हणत असेल, तर कायदा काय म्हणतो ते पाहावे. कलम २२१ प्रमाणे प्रतिनिधीला आपले येणे फिटेपर्यंत मालकाचे कागद राखून ठेवण्याचा हक्क असतो हे खरे. पण तो हक्क देय झालेल्या रकमेपुरताच आहे. आणि कलम २१९ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ज्या कामाबद्दल मोबदला ठरला ते काम पुरे होईपर्यंत तो देय होत नाही. विक्रीच झाली नाही तर कमिशन देय नाही. कमिशन देय नाही तर त्यासाठी कागद अडविण्याचा आधारही नाही. जाहिरातीचा खर्च निराळा द्यावयाचे करारात लिहिले असेल, तर मात्र तेवढी रक्कम हिशेब घेऊन चुकती करावी आणि कागद सोडवून घ्यावेत.

सर्वांत अधिक सावधगिरी लागते ती मुखत्यारपत्राच्या बाबतीत. मालक दूर असल्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सह्या करण्यासाठी दलालाच्या किंवा त्याच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलेले असते. दलालीच्या कराराची मुदत संपली म्हणून हे मुखत्यारपत्र संपतेच असे नाही. तो स्वतंत्र दस्त आहे, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते तसेच उभे राहते. तेव्हा ते नोंदविलेले असेल तर रद्दलेखही नोंदवावा, मुखत्यारास लेखी कळवावे आणि मूळ प्रत परत घ्यावी. मुखत्याराने मालकाला आगाऊ पैसे देऊन त्या मिळकतीत स्वतःचा हितसंबंध निर्माण केलेला असेल, तर कलम २०२ मुळे त्या हितास बाध येईल अशा रीतीने अधिकार काढून घेता येत नाही. अशा प्रसंगी वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून पाऊल टाकू नये.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे नाव येथे पुष्कळदा घेतले जाते. त्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली ती त्या कायद्याखाली नोंदविलेल्या गृहप्रकल्पांतील सदनिका व भूखंड यांच्या विक्रीसाठी. गावठाणातील एखाद्या जुन्या घराची विक्री त्या चौकटीत बसत नाही. सोनारीच्या मालकाचा आधार म्हणजे त्याचा करार आणि करार कायदा हेच होत.

आता उदाहरणाचा शेवट पाहू. भावांनी १ ऑगस्टला पत्र धाडले. दलालाने यादी दिली. तीत बार्शीचा व्यापारी आणि दुसरा पाहुणा अशी दोनच नावे होती. सप्टेंबरात दोघा भावांनी बार्शीच्या एका नव्या दलालाशी करार केला. येथे ते एका मोठ्या खड्ड्यातून बचावले. नवा करारही एकाधिकाराचा असता आणि ऑक्टोबरात जुन्याच व्यापाऱ्याने घर घेतले असते, तर एकाच विक्रीवर दोघांना कमिशन द्यावे लागले असते. म्हणून त्यांनी नव्या करारात जुन्या यादीतील दोन्ही नावे वगळली आणि २९ ऑक्टोबरपर्यंत त्या दोघांस विक्री झाल्यास नव्या दलालास काही देय नाही असे लिहून घेतले. शेजाऱ्याचेही नाव त्यांनी त्याच कलमात घातले. कारण त्याची चौकशी थेट त्यांच्याकडेच आलेली होती.

२० ऑक्टोबर रोजी बार्शीच्या व्यापाऱ्याने पुन्हा संपर्क साधला आणि साडेसोळा लाखांवर सौदा ठरून इसारपावती झाली. खरेदीखत मात्र डिसेंबरात नोंदले गेले. दलालाचे कमिशन देय झाले काय? ते करारातील “विक्री” या शब्दाच्या अर्थावर अवलंबून. खरेदीखत म्हणजे विक्री असे लिहिले असते, तर डिसेंबर हा ९० दिवसांच्या बाहेरचा. तरीही केवळ कमिशन टाळण्यासाठी खरेदीखत पुढे ढकलले असा आक्षेप दलालाने घेतला असता आणि वाद वाढला असता. या करारात सौदा ठरल्याची तारीख धरावी असे स्पष्ट होते, म्हणून कमिशन देय झाले: साडेसोळा लाखांवर शेकडा २ प्रमाणे ३३,००० रुपये. भावांनी ते खरेदीखताच्या दिवशी पावती घेऊन दिले. शेजाऱ्याने घर घेतले असते तर, यादीत त्याचे नाव नसल्यामुळे, एक रुपयाही द्यावा लागला नसता. ३३,००० रुपये देताना थोरल्या भावास वाईट वाटले खरे. पण व्यापारी त्या घराच्या दारात प्रथम आला तो २० जूनला, आणि त्याला आणणारा तो दलालच होता.